बघून गेलेल्या गिऱ्हाइकाला तीच वस्तू परत दाखवणाऱ्या कॅटलॉग जाहिराती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या ऑनलाइन दुकानांच्या जाहिराती बघायचं काम करतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केलेत. सगळं फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या म्हणजे मेटाच्या जाहिरातींबद्दल आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय, कसब्यातलं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. काउंटरवर काका बसतात, वेबसाइट पुतण्या सांभाळतो, साइट वूकॉमर्सवर आहे.

१. ही जाहिरात नेमकी काय करते? साध्या जाहिरातीत आणि हिच्यात फरक काय?

साध्या जाहिरातीत फोटो तुम्ही निवडता आणि तोच सगळ्यांना दिसतो. हिच्यात तुम्ही फक्त साचा देता, म्हणजे वर एक ओळ आणि खाली नाव-किंमत कुठे यायची ती जागा. आत वस्तू कुठली भरायची ते समोरचा माणूस काय बघून गेला त्यावर ठरतं. कोथरूडच्या एका बाईंनी पितळी कढई बघितली तर त्यांना कढई दिसणार, सांगलीच्या कुणी समई बघितली तर त्याला समई.

यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली कॅटलॉग, म्हणजे सगळ्या वस्तूंची यादी: आयडी, नाव, किंमत, फोटो, लिंक, माल आहे की नाही. दुसरी पिक्सेल, म्हणजे साइटवरचा छोटा कोड जो मेटाला कळवतो की ह्या ब्राउझरवाल्याने अमुक आयडीची वस्तू बघितली. दोन्हीकडे आयडी एकच असेल तरच जोडी लागते. निम्म्याहून जास्त भानगडी इथेच होतात, त्याबद्दल प्रश्न ३ मध्ये सविस्तर.

पूर्वी ह्यांना डायनॅमिक ॲड्स म्हणायचे, आता मेटा ॲडव्हांटेज प्लस कॅटलॉग ॲड्स म्हणतं. यूट्यूबच्या जुन्या व्हिडिओत वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका, गोष्ट तीच आहे.

२. आमच्याकडे जेमतेम ३०-४० वस्तू आहेत, रोज फार लोक येत नाहीत. आम्ही हे करायचं का?

वस्तू किती हा मुद्दा नाही, वस्तूंची पानं बघणारे किती हा मुद्दा आहे. काकांच्या दुकानाचा हिशोब बघा. गेल्या १४ दिवसांत वस्तू बघून न घेता गेलेले असे साधारण १,१०० जण मेटाला सापडत होते. रोजचं बजेट ३०० रुपये. हजार वेळा जाहिरात दाखवायला १५० रुपये पडतात असं धरा (दर बदलत असतो, दिवाळीच्या आधी चढतो). म्हणजे रोज २,००० वेळा दाखवली गेली, आठवड्यात १४,०००. भागिले १,१००, म्हणजे एका माणसाला आठवड्यात जवळजवळ १३ वेळा तीच कढई! एवढ्यात माणूस वैतागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून ॲड्स मॅनेजरमधला फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली त्याचा, कॉलम उघडा ठेवा. काकांचं बजेट शेवटी १०० वर आणलं आणि मुदत १४ ऐवजी ३० दिवसांची केली, तेव्हा आठवड्याला दोन-तीन वेळांवर आलं. बघणारेच जर महिन्याला दोनशे-तीनशे असतील तर ह्या फंदात पडू नका, तेच पैसे नवीन लोक साइटवर आणायला लावा, कारण परत बोलवायला आधी कोणीतरी येऊन गेलेलं पाहिजे ना.

३. सगळं बरोबर लावलंय पण जाहिरात चालतच नाही, किंवा भलत्याच वस्तू दाखवते. का?

दहातल्या सात-आठ वेळा आयडी जुळत नसतो. काकांच्या साइटवर हेच झालं होतं. पुतण्याने कॅटलॉग गूगल शीटमध्ये हाताने भरला, ९ इंची कढईचा आयडी लिहिला `KDH-09`. साइटवर वूकॉमर्सचं फेसबुकवालं प्लगइन होतं, ते आयडी स्वतः बनवतं, एसकेयू म्हणजे दुकानाने वस्तूला दिलेला कोड आणि त्यापुढे पोस्टचा नंबर जोडून. त्यामुळे कुणी कढई बघितली की पिक्सेल कळवायचा हे:

```
fbq('track', 'ViewContent', {
  content_ids: ['KDH-09_412'],
  content_type: 'product',
  value: 1850,
  currency: 'INR'
});
```

माणसाच्या डोळ्याला `KDH-09` आणि `KDH-09_412` एकच वाटतं, मशीनला ती दोन वेगळी माणसं. एरर कुठेच येत नाही, पिक्सेल हिरवा दिसतो, इव्हेंट येताना दिसतात, आणि तरी बघणारा एकही माणूस कॅटलॉगशी जोडला जात नाही. पंधरा दिवस ते "मेटाचं डोकं फिरलंय" म्हणत बसले होते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. क्रोममध्ये मेटा पिक्सेल हेल्पर नावाचं एक्स्टेन्शन टाका, स्वतःच्या साइटवर एक वस्तू उघडा, एक्स्टेन्शनवर क्लिक करून `ViewContent` खाली `content_ids` मध्ये काय आलंय ते जसंच्या तसं कॉपी करा. मग कॉमर्स मॅनेजरमध्ये कॅटलॉगच्या वस्तूंच्या यादीत तेच सर्चला टाका. वस्तू सापडली तर ठीक, नाही सापडली तर हाच घोळ. असं तीन-चार वेगवेगळ्या वस्तूंवर करा, एकावर थांबू नका. कॅटलॉगच्या इव्हेंट्सच्या भागात किती टक्के इव्हेंट वस्तूंशी जुळले तेही दिसतं, तो आकडा नव्वदच्या खाली असेल तर मी पुढे जात नाही.

दुरुस्ती कुठल्या बाजूने करायची? शीट सोडून द्या आणि कॅटलॉगही प्लगइनलाच भरू द्या, मग दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून आयडी येतो. शीट ठेवायचीच असेल तर पिक्सेल जे पाठवतो तेच शीटमध्ये लिहा. आणि आयडीच्या कॉलमचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करा, नाहीतर `0412` चं शीट गपचूप `412` करून टाकते.

४. कालपर्यंत नीट चालू होतं, आज अचानक जुळणं बंद झालं. आम्ही काहीच बदललं नाही.

काहीतरी बदललेलं असतंच, फक्त जाहिरातीसाठी बदललेलं नसतं. वूकॉमर्सच्या प्लगइनमध्ये एसकेयू रिकामा असेल तर आयडी `wc_post_id_412` असा बनतो. मग एखाद्या रविवारी कुणीतरी स्टॉक नीट लावायला म्हणून सगळ्या वस्तूंना एसकेयू देतं आणि आयडीचं स्वरूपच बदलतं. जुन्या आयडीवर ज्यांनी वस्तू बघितली त्यांचं बघणं त्या जुन्या आयडीला चिकटलेलं राहतं, नव्याला नाही.

तसंच वस्तू डिलीट करून पुन्हा नव्याने टाकणं. संपलेली घागर डिलीट करू नका, `availability` मध्ये `out of stock` करा, ती जाहिरातीतून आपोआप बाजूला होते आणि माल आला की त्याच आयडीवर परत येते.

५. एकाच कढईचे ८, ९ आणि १० इंच असे साइज आहेत. मग आयडी कुठला जायला पाहिजे?

कॅटलॉगमध्ये प्रत्येक साइज वेगळी ओळ असते, स्वतःच्या आयडीची, आणि तिन्ही ओळींवर `item_group_id` एकच असतो. पान उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकाने साइज निवडलेला नसतो, तेव्हा पिक्सेलने त्या गटाचा आयडी पाठवायचा आणि `content_type` मध्ये `product_group` म्हणायचं. साइज निवडून कार्टमध्ये टाकला की त्या साइजचा आयडी आणि `product`. चूक होते ती इथे: आयडी गटाचा जातो आणि त्यापुढे लिहिलेलं असतं `product`. मग मेटा त्या नावाची वस्तू शोधत बसतं आणि तशी वस्तू नसतेच. तपासायची पद्धत प्रश्न ३ मधलीच, फक्त `content_type` कडेही बघा.

६. जाहिरातीत एक किंमत आणि साइटवर दुसरी. गिऱ्हाईक फोन करून भांडतात.

पितळ किलोच्या भावावर जातं, भाव हलला की काका सकाळी साइटवर आणि शीटमध्ये किमती बदलतात, पण कॅटलॉगची शीट मेटा आठवड्यातून एकदाच उचलत होतं. म्हणजे सोमवारी बदललेली किंमत जाहिरातीत रविवारपर्यंत जुनीच. फीडचं, म्हणजे मेटाने यादी कधी उचलायची त्याचं, वेळापत्रक ताशी, रोज किंवा आठवड्याचं ठेवता येतं. भाव हलणारा माल असेल तर किमान रोजचं ठेवा, आणि वेळ तुम्ही किमती बदलता त्याच्या नंतरची. हे साधं वाटतं पण रोजचं केल्यावरही काका दहाला बदलायचे आणि फीड सकाळी सहाला जायचं, म्हणजे जाहिरात कायम एक दिवस मागे.

आणखी एक सोपा उपाय आहे तो म्हणजे जाहिरातीच्या साच्यात किंमत दाखवायचीच नाही. भांड्यांना चालतं ते, कारण लोक फोटो बघूनच येतात. स्वस्ताई हाच ज्यांचा धंदा आहे त्यांना नाही चालणार.

७. ज्याने घेतली त्यालाच परत तीच कढई दिसते. हसू होतं आमचं.

हा माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि ह्याचं उत्तर सेटिंगमध्ये नसतं. सेटिंग तर सरळ आहे, बघितली किंवा कार्टमध्ये टाकली पण घेतली नाही अशांनाच दाखव. पण "घेतली" हे मेटाला कळणार कसं? `Purchase` इव्हेंटमधून, आणि तो बहुतेक साइटवर धन्यवादच्या पानावर सुटतो.

आता आपल्याकडे पैसे कसे दिले जातात ते आठवा. गिऱ्हाईक यूपीआय निवडतो, फोनवरचं पेमेंटचं ॲप उघडतं, पिन टाकतो, हिरवी टिक येते, आणि तो फोन खिशात घालतो. ब्राउझरवर परत येतच नाही. गेटवेकडून दुकानाला पैसे आल्याचं कळतं, ऑर्डर प्रोसेसिंगला जाते, कढई पॅक होते, पण धन्यवादचं पान उघडलंच नाही म्हणून `Purchase` सुटलाच नाही. मेटाच्या लेखी हा माणूस अजून कढई बघून गेलेलाच आहे.

ओळखायचं कसं: मागच्या आठवड्यातल्या वूकॉमर्सच्या ऑर्डरी मोजा आणि इव्हेंट्स मॅनेजरमधले `Purchase` मोजा. काकांकडे ४१ ऑर्डरी आणि २९ इव्हेंट होते. हरवलेल्या १२ पैकी १० यूपीआयच्या निघाल्या.

उपाय म्हणजे कन्व्हर्जन्स एपीआय. ब्राउझरच्या भरवशावर न राहता तुमचा सर्व्हरच ऑर्डर पक्की झाल्यावर मेटाला कळवतो. प्लगइनमध्ये हे चालू करता येतं, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे तो इव्हेंट ऑर्डरचं स्टेटस बदलल्यावर सुटतोय ना, कारण काही प्लगइन सर्व्हरवालाही धन्यवादच्या पानावरूनच सोडतात, मग उपयोग शून्य. दुसरी गोष्ट प्रश्न ८ मध्ये.

आणि फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा प्रत्यक्ष दुकानात येऊन घेणाऱ्यांचं काय? पुण्यात हे भरपूर होतं, साइटवर बघतात आणि शनिवारी गाडी काढून कसब्यात येतात. त्यांचे मोबाइल नंबर बिलावर असतात. त्याची यादी महिन्यातून दोनदा कस्टम ऑडियन्स म्हणून चढवायची आणि ह्या जाहिरातीतून वगळायची. नंबराच्या सुरुवातीला ९१ लावा. सगळे जुळत नाहीत, तरी बरेच कमी होतात. गिऱ्हाइकाला आधी सांगून, संमती घेऊनच हे करा, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याच्या कक्षेत आपलं दुकानही येतं.

८. कन्व्हर्जन्स एपीआय लावल्यापासून विक्री दुप्पट दिसतेय! खरंच का?

नाही हो. तीच ऑर्डर एकदा ब्राउझरने कळवली आणि एकदा सर्व्हरने. दोन्हीकडून `event_id` एकच गेला तर मेटा दोघांना एक धरतं, नाहीतर दोन मोजतं. बऱ्याचदा दोष असतो तो जुन्या कोडचा, म्हणजे पहिल्या डेव्हलपरने थीममध्ये हाताने पिक्सेल टाकून ठेवलेला असतो आणि वर प्लगइनही चालू असतं. पिक्सेल हेल्परमध्ये एकाच पानावर `ViewContent` दोनदा दिसला की समजायचं, आणि थीममधला काढून टाकायचा.

९. मी स्वतः साइटवर जाऊन वस्तू बघितली, दोन दिवस झाले, मला जाहिरात दिसली नाही. बंद आहे का?

ह्यावरून काहीच ठरत नाही. तुमच्यासाठी त्या क्षणी दुसऱ्या कुणी जास्त बोली लावली असेल, तुम्ही आयफोनवर ट्रॅकिंगला नाही म्हटलेलं असेल, किंवा स्वतःच्याच साइटवरून कधी टेस्ट ऑर्डर केली म्हणून वगळले गेला असाल. तपासायचंच असेल तर इव्हेंट्स मॅनेजरमधलं टेस्ट इव्हेंट्स उघडा. आणि कृपा करून स्वतःची जाहिरात दिसली तर परत परत क्लिक करू नका, आकडे बिघडतात.

१०. ॲड्स मॅनेजर म्हणतो दसपट परतावा आला. मग गल्ल्यात का दिसत नाही?

हे जरा सावकाश वाचा. काकांचे पहिले १४ दिवस, बजेट कमी करायच्या आधीचे. खर्च ४,२०० रुपये. मेटाने दाखवल्या २२ ऑर्डरी, सरासरी बिल १,८५०, म्हणजे ४०,७०० ची विक्री, ४,२०० च्या साधारण ९.७ पट. पुतण्या खूश, बजेट तिप्पट करायला निघाला होता.

मूळ सेटिंगमध्ये मेटा मुख्यतः दोन प्रकारच्या ऑर्डरी स्वतःच्या खात्यात लिहितं: जाहिरातीवर क्लिक करून ७ दिवसांत घेतलेल्या, आणि नुसती जाहिरात डोळ्यासमोरून जाऊन १ दिवसात घेतलेल्या. ॲड्स मॅनेजरमध्ये ॲट्रिब्यूशनची तुलना करणारे कॉलम लावता येतात. ते लावल्यावर २२ मधल्या १३ नुसत्या बघितलेल्या निघाल्या, क्लिकवाल्या ९. आता ही जाहिरात मुळात कोणाला जाते? जे कढई बघून गेलेत, काहींनी कार्टमध्येही टाकलीय. त्यातल्या बऱ्याच जणांनी तसंही पगार झाल्यावर येऊन घेतली असती. जेवायला पानावर बसलेल्याला जेवायचं आमंत्रण दिल्यासारखं आहे ते.

उरलेल्या ९ पैकी २ कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि परत आल्या. मेटा ऑर्डर पडली की मोजतं, पार्सल परत आलं तर वजा करत नाही. म्हणजे ७ × १,८५० = १२,९५०. काकांचा नफा साधारण ३५ टक्के, म्हणजे हातात ४,५३२. खर्चावर १८ टक्के जीएसटी लागून बिल झालं ४,९५६. तोटा, चारशे-सव्वाचारशेचा! जीएसटी नंबर जाहिरातीच्या बिलिंगमध्ये भरला असता आणि त्याचं क्रेडिट घेता आलं असतं तर ४,२०० च धरायचे होते आणि तीनशे-सव्वातीनशे सुटले असते. नंबर भरलेलाच नव्हता.

आता १३ च्या १३ फुकटच्या होत्या असंही मी म्हणत नाही, काहींना जाहिरातीमुळे आठवण झालीच असेल. खरं उत्तर दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. अंदाज घ्यायचा तर ही एक जाहिरात दोन आठवडे बंद ठेवा, बाकी काही हलवू नका, आणि मेटाचा आकडा न बघता दुकानाच्या एकूण ऑर्डरी बघा. फक्त त्या दोन आठवड्यांत गणपती, दसरा, लग्नसराई असं काही नको, नाहीतर तुलना कशाची कशाशी करणार. छोट्या दुकानात आठवड्याला चार-पाच ऑर्डरी आपोआपच वर-खाली होतात, त्यामुळे तेवढ्या फरकावरून निर्णय घेऊ नका.

११. बघून गेलेले, कार्टवाले, ७ दिवसवाले, ३० दिवसवाले असे वेगळे ॲड सेट करायचे का?

मोठ्या दुकानांचे व्हिडिओ बघून लोक करतात हे. जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटा शिकत असतं, तो शिकायचा टप्पा पार करायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० खरेद्या लागतात असं मेटाच सांगतं. तुमच्या ९ ऑर्डरी चार सेटमध्ये वाटल्या तर कोणालाच काही कळणार नाही. एकच सेट, ३० दिवस, झालं.

१२. नवऱ्याने बायकोच्या वाढदिवसासाठी समई बघितली आणि घरच्या टॅबवर तिलाच जाहिरात दिसली. फोन आम्हाला आला!

खरा किस्सा आहे, पुतण्याने घाबरत सांगितला. टॅबवर दोघं एकच अकाउंट वापरत होते, आणि जाहिरात अकाउंटला जाते, माणसाला नाही. आपल्या बाजूने एवढंच करता येतं की भेट म्हणून जाणाऱ्या वस्तूंचा वेगळा प्रॉडक्ट सेट करून तो ह्या जाहिरातीतून बाहेर ठेवायचा. आम्ही समया आणि चांदीचा मुलामा दिलेली ताटं बाहेर काढली. गिऱ्हाइकाला सांगायचं तर जाहिरातीवरच्या तीन टिंबांवर दाबून ती लपवता येते. त्या गृहस्थांना समई मिळाली, सरप्राइज मात्र गेलं, काकांनी वर एक पितळी निरांजन फुकट पाठवलं.